आयएनआर सात आला, आता काय?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातल्या बाई डोळ्यांसमोर आणू या. वय 52, वजन 50 किलो. लहानपणी सांधे धरणारा ताप, म्हणजे संधिवाताचा ताप, येऊन गेला होता. त्याने हृदयाची डावीकडची झडप हळूहळू निकामी केली. आठ वर्षांपूर्वी ऑपरेशन करून तिथे धातूची झडप बसवली. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर वॉरफरिनची 5 मिलिग्रॅमची गोळी चालू आहे आणि महिन्याकाठी तालुक्याला जाऊन रक्ताची एक तपासणी होते. रिपोर्टवर ‘आयएनआर’ या शब्दापुढे एक आकडा असतो. त्यांच्या झडपेसाठी तो 2.5 ते 3.5 या दरम्यान हवा, आणि एरवी तो तसाच येतो.

या खेपेला तो 7.4 आला. रिपोर्टवर आकडा लाल शाईत आहे. मुलगा घाबरला आहे. शेजारच्या कुणी सांगितलं, ‘रक्त फारच पातळ झालंय, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घेऊन टाका.’ बाईंना मात्र काहीच होत नाही. नाकातून रक्त नाही, हिरड्यांतून नाही, लघवी-शौचाचा रंग नेहमीचाच, डोकंही दुखत नाही.

इथे डॉक्टरांसमोर तीन वाटा असतात. गोळी काही दिवस बंद ठेवायची आणि बाकी काही करायचं नाही. किंवा के जीवनसत्त्व द्यायचं. किंवा प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स नावाचं, रक्त गोठवणाऱ्या घटकांनी भरलेलं औषध शिरेतून सोडायचं. कोणती वाट कधी, हे ठरवताना 7.4 या आकड्याला दुसरा मान असतो. पहिला मान एका साध्या प्रश्नाला असतो: रक्तस्राव होतोय का, आणि होत असेल तर कुठे?

आकडा नेमकं काय सांगतो

आपल्या रक्तात रक्त गोठवणारी बरीच प्रथिनं असतात. त्यांतली चार यकृतात तयार होतात आणि त्यांच्यावर शेवटचा हात फिरवायला के जीवनसत्त्व लागतं. तो हात फिरला नाही तर प्रथिन तयार होतं, पण कामाचं नसतं. वॉरफरिन नेमकं हेच करतं. शरीर एकदा वापरलेलं के जीवनसत्त्व पुन्हा वापरायोग्य करून घेत असतं, ती प्रक्रिया हे औषध अडवतं. त्यामुळे कामाची प्रथिनं कमी पडतात आणि रक्त गोठायला उशीर लागतो. धातूच्या झडपेवर गुठळी धरू नये म्हणून हा उशीर मुद्दाम घडवून आणलेला असतो.

हा उशीर मोजण्याचं माप म्हणजे आयएनआर. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण 1 असतो. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळी रसायनं वापरली तरी आकडा सगळीकडे सारखा वाचता यावा, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये ही पद्धत ठरवून दिली. आकडा 4.5 च्या पुढे गेला की रक्तस्रावाचा धोका झपाट्याने वाढू लागतो. पण धोका वाढला म्हणजे रक्तस्राव सुरू झाला असं नाही. 5 ते 9 या दरम्यान आकडा आलेल्या आणि रक्तस्राव नसलेल्या रुग्णांचा अमेरिकेत अभ्यास झाला, तेव्हा पुढच्या महिनाभरात मोठा रक्तस्राव झालेले रुग्ण शेकड्यात एकाच्या आसपास होते. तो एक आपल्या घरातला असू नये म्हणून उपाय करायचाच असतो. पण उरलेल्या नव्याण्णवांना उपायानेच इजा होणार नाही, हेही पाहावं लागतं.

धातूची झडप असलेल्या माणसाला ही इजा फार महागात पडते. रक्त घाईने आणि गरजेपेक्षा जास्त ‘घट्ट’ केलं तर झडपेवर गुठळी धरते. गुठळी मोठी झाली तर झडप अडकते, तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होतो. म्हणून आकडा खाली आणायचा, पण फार खाली नाही आणि गरजेपेक्षा लवकरही नाही.

आधी दोन गोष्टींची खात्री

बाई काल ठणठणीत होत्या, आजही आहेत, आणि आकडा मात्र अचानक दुपटीने वाढला. अशा वेळी जाणते डॉक्टर आधी रिपोर्टवरच शंका घेतात. ही तपासणी निळ्या झाकणाच्या नळीत होते. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेटचं द्रावण आधीच घातलेलं असतं आणि एक भाग द्रावणाला नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेलं असतं. नळी अर्धवटच भरली तर द्रावण जास्त होतं आणि आकडा खोटाच वाढतो. हेपरिन चालू असलेल्या सलाईनच्या नळीतून रक्त काढलं तरीही तो चुकू शकतो. बोटाला टोचून तपासणाऱ्या छोट्या यंत्रांवरचा आकडा पाचाच्या आसपास आणि पुढे गेला की भरवशाचा राहत नाही. तेव्हा शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घेतात. अर्थात रक्तस्राव दिसत असेल तर या फेरतपासणीसाठी उपचार थांबवत नाहीत.

दुसरी खात्री कारणाची. आकडा उगाच वाढत नाही. आपल्या बाईंना विचारल्यावर कळलं की गेल्या आठवड्यात त्यांना जुलाब लागले होते. गावातल्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, त्यांत मेट्रोनिडॅझोल होतं. जुलाबावर आपल्याकडे हे औषध सर्रास दिलं जातं, आणि वॉरफरिनशी त्याचं वैर जुनं आहे. यकृतातलं जे विकर वॉरफरिन मोडून टाकतं, त्यालाच मेट्रोनिडॅझोल अडवतं. रोज तेवढीच गोळी घेऊनही शरीरात औषध साठत जातं. त्यात जुलाबामुळे चार दिवस पेज-भातावर काढलेले, भाजी पोटात गेली नाही, म्हणजे के जीवनसत्त्वाची आवकही घटली. दोन्ही बाजूंनी आकडा वर ढकलला गेला.

मेट्रोनिडॅझोलसारखंच काम करणारी आणखी काही औषधं नेहमी भेटतात: लघवीच्या जंतुसंसर्गावरचं को-ट्रायमोक्साझोल, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, हृदयाचे अनियमित ठोके आवरणारं अमिओडॅरोन. पॅरासिटामॉल एखाद-दुसऱ्या वेळी घेतल्याने काही बिघडत नाही, पण रोज चार-चार गोळ्या आठवडाभर घेतल्या तर तेही आकडा वाढवतं. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन उलटं वागतं. ते चालू असेपर्यंत वॉरफरिन जास्त लागतं, आणि कोर्स संपून ते थांबलं की त्या वाढवलेल्या मात्रेमुळे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आकडा उसळतो. श्रावणातले किंवा नवरात्रातले सलग उपवास, ताप, कावीळ, हृदय कमजोर होऊन अंगावर येणारी सूज हीसुद्धा नेहमीची कारणं आहेत.

कारण शोधण्याचा उपयोग पुढे काय करायचं हे ठरवताना होतो. कारण तात्पुरतं असेल तर ते निघून गेल्यावर जुनीच मात्रा पुन्हा लागू पडते.

पहिली वाट: नुसती गोळी थांबवणं

आपल्या बाईंसाठी हीच वाट योग्य आहे. आकडा 4.5 ते 10 या दरम्यान आणि रक्तस्राव नाही, अशा वेळी के जीवनसत्त्व सरसकट देऊ नये, असं अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये आणि रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये सांगितलं आहे.

या सल्ल्यामागे एक मोठी चाचणी आहे. ती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. आकडा 4.5 ते 10 मध्ये असलेल्या आणि रक्तस्राव नसलेल्या सातशेहून अधिक रुग्णांना दोन गटांत विभागलं. सगळ्यांची गोळी थांबवली. एका गटाला तोंडाने 1.25 मिलिग्रॅम के जीवनसत्त्व दिलं, दुसऱ्याला दिसायला तसंच पण बिनऔषधाचं. दुसऱ्या दिवशी के जीवनसत्त्व घेतलेल्यांचा आकडा जास्त उतरलेला होता, म्हणजे औषधाने आपलं काम केलं होतं. पण तीन महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा रक्तस्राव झालेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, शेकड्यात सोळाच्या आसपास. आकडा लवकर सुधारला, पण माणसाला त्याचा फायदा दिसला नाही. धातूच्या झडपेच्या बाबतीत तर विनाकारण आकडा फार खाली नेण्याचा धोकाच उरतो.

नुसती गोळी थांबवून आकडा कसा उतरतो? वॉरफरिन शरीरात निम्मं व्हायला सुमारे दीड दिवस लागतो. ते जसजसं ओसरतं तसतशी यकृतातली अडवणूक सुटते आणि नवी, कामाची प्रथिनं रक्तात येऊ लागतात. बहुतेकांचा सहा-सात-आठवर गेलेला आकडा दोन ते तीन दिवसांत चाराच्या खाली येतो. म्हातारपण, फार कमी मात्रा पुरणारी प्रकृती, कमजोर हृदय किंवा कर्करोग असेल तर तो सावकाश उतरतो आणि तिथे जास्त लक्ष ठेवावं लागतं.

बाईंचे पुढचे दिवस साधारण असे जातात. सोमवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, ‘काकू, आज आणि उद्या रात्रीची गोळी घ्यायची नाही. बुधवारी सकाळी पुन्हा रक्त तपासू. पडू नका, जड उचलू नका, आणि दुखलं तरी ब्रुफेन किंवा डिक्लोफिनॅकसारखी गोळी अजिबात घेऊ नका.’ त्या गोळ्या आयएनआर न वाढवताही जठरातून रक्तस्राव घडवतात. मेट्रोनिडॅझोलचा कोर्स संपलेलाच होता. बुधवारी आकडा 4.2 आला, म्हणून त्या रात्रीचीही गोळी टाळली. गुरुवारी 3.3 आला आणि गुरुवारी रात्रीच गोळी पुन्हा सुरू झाली.

गोळी लगेच सुरू करण्याला कारण आहे. आज घेतलेल्या गोळीचा परिणाम आकड्यावर उमटायला दोन-तीन दिवस जातात. आकडा हव्या त्या पट्ट्यात आल्यावरही ‘आणखी दोन दिवस थांबू’ म्हटलं तर तो घसरत 1.5 पर्यंत जातो आणि मग झडप उघडी पडते.

मात्रा किती ठेवायची? कारण मेट्रोनिडॅझोल होतं आणि ते गेलं, म्हणून बाईंची जुनीच मात्रा ठेवली: रोज 5, आठवड्याला 35 मिलिग्रॅम. काहीच कारण सापडलं नसतं तर आठवड्याची मात्रा साधारण दहा ते वीस टक्क्यांनी कमी केली असती. उदाहरणार्थ, पाच दिवस 5 आणि दोन दिवस अर्धी गोळी, म्हणजे आठवड्याला 30. इथे एक चूक वारंवार होते. तात्पुरत्या कारणाने आकडा वाढलेला असतो, पण घाबरून मात्रा कायमची निम्मी केली जाते, आणि तीन आठवड्यांनी तोच रुग्ण झडपेवरच्या गुठळीसाठी दाखल होतो.

आपल्याकडे बऱ्याच रुग्णांना वॉरफरिनऐवजी असेनोकुमारॉल दिलेलं असतं. त्याचं काम तेच, पण ते शरीरातून खूप लवकर ओसरतं, काही तासांत निम्मं होतं. त्यामुळे गोळी थांबवल्यावर आकडाही लवकर उतरतो आणि ती पुन्हा सुरू करायलाही लवकर लागते. या दोन औषधांच्या मिलिग्रॅमचा हिशेब एक नाही. दुकानदाराने एकाऐवजी दुसरं दिलं तर तेवढ्यानेच आकडा बिघडतो.

दुसरी वाट: के जीवनसत्त्व, पण किती?

आता समजा, त्याच बाईंचा आकडा 12 आला असता आणि रक्तस्राव नसता. दहाच्या पुढे नुसतं थांबून चालत नाही. तिथे के जीवनसत्त्व तोंडाने देतात. ब्रिटनमधले डॉक्टर आठाच्या पुढेच ते देतात, म्हणजे सीमारेषा थोडी इकडे-तिकडे होते. वयस्क, नुकतंच ऑपरेशन झालेल्या किंवा पूर्वी रक्तस्राव झालेल्या रुग्णासाठी डॉक्टर ती आणखी खाली आणू शकतात.

मात्रेचा मुद्दा इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. झडप नसलेल्या रुग्णाला अशा वेळी 2.5 ते 5 मिलिग्रॅम देतात. धातूची झडप असेल तर 1 ते 2.5 मिलिग्रॅमच पुरे मानतात. आपल्याकडे मोठ्या माणसांसाठीची इंजेक्शनची कुपी बहुधा 10 मिलिग्रॅमची, एक मिलिलिटरची असते. कुपी फोडली की सगळी देऊन टाकायची, ही सवय बऱ्याच ठिकाणी आहे, आणि धातूच्या झडपेसाठी ती वाईट आहे. रुग्णालयात हेच द्रावण सुईच्या नळीत मोजून तोंडाने देता येतं. 2 मिलिग्रॅम हवं असेल तर 0.2 मिलिलिटर. हे घरी करण्याचं काम नाही.

10 मिलिग्रॅमने काय बिघडतं? आकडा उतरतो, पण यकृतात के जीवनसत्त्वाचा इतका साठा होतो की नंतर वॉरफरिन सुरू केलं तरी आठवडाभर, कधी त्याहून जास्त, ते लागूच पडत नाही. तेवढे दिवस झडपेला संरक्षण म्हणून हेपरिनची इंजेक्शनं द्यावी लागतात. धातूच्या झडपेचा ‘टिक-टिक’ आवाज घरच्यांनाही रात्रीच्या शांततेत ऐकू येतो. तो आवाज मंद झाला किंवा बंद झाला, चालताना अचानक धाप लागू लागली, तोंड वाकडं झालं, तर गुठळीची शंका घेऊन ताबडतोब हृदयविभाग असलेलं रुग्णालय गाठायचं.

के जीवनसत्त्व कोणत्या मार्गाने दिलं जातं यावरही बरंच अवलंबून आहे. तोंडाने दिल्यावर आकडा साधारण 24 तासांत नीट उतरतो. शिरेतून दिल्यावर चार ते सहा तासांत उतरू लागतो. त्वचेखालचं इंजेक्शन कधी लागू पडतं, कधी नाही, म्हणून ते टाळतात. दंडात किंवा कमरेत स्नायूत इंजेक्शन देणं तर अशा रुग्णात धोक्याचंच, कारण सुई जिथे टोचली तिथेच स्नायूत रक्त साकळतं. शिरेतून देताना ते थोड्या सलाईनमध्ये मिसळून वीस-तीस मिनिटांत सावकाश सोडतात. भरभर दिल्यास क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होऊन रक्तदाब कोसळतो.

आणखी एक खबरदारी. के जीवनसत्त्वाचे प्रकार आहेत. वॉरफरिनचा परिणाम उतरवायला फायटोमेनाडिओन, म्हणजे के-1, लागतं. मेनाडिओन या नावाचा कृत्रिम प्रकार या कामाला भरवशाचा नाही. ‘व्हिटॅमिन के’ एवढंच वाचून दुकानातून गोळी आणली तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जाऊ शकतात.

आकडा दहाच्या खाली आहे पण थोडासा रक्तस्राव होतोय, नाकातून थेंब थेंब येतंय, मासिक पाळीत नेहमीपेक्षा जास्त जातंय, अशी मधली अवस्थाही असते. तिथे आधी जागेवर उपाय करतात, नाक दहा-पंधरा मिनिटं दाबून धरतात, गोळी थांबवतात आणि डॉक्टर रुग्ण पाहून 1 ते 3 मिलिग्रॅमची लहान मात्रा ठरवतात.

तिसरी वाट: प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स

आता तिसरी शक्यता. त्याच बाई, तोच 7.4. पण सकाळी न्हाणीघरात घसरून डोकं आपटलं. दुपारी डोकं ठणकायला लागलं, दोन उलट्या झाल्या, उजवा हात जड पडला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला. आता एकेक तास महत्त्वाचा आहे, कारण मेंदूतली रक्ताची गाठ पहिल्या काही तासांत वाढत जाते. गोळी थांबवून दोन दिवस वाट पाहणं शक्य नाही. के जीवनसत्त्व शिरेतून दिलं तरी त्याला चार-सहा तास लागतात, तेवढाही वेळ नाही.

तिन्ही उपायांतला फरक दुष्काळी गावातल्या पाण्याच्या टाकीवरून समजेल. रक्त गोठवणारी प्रथिनं म्हणजे टाकीतलं पाणी, आणि वॉरफरिनने नळ जवळजवळ बंद केलेला. गोळी थांबवली की नळ हळूहळू आपोआप सुटतो. के जीवनसत्त्व दिलं की नळ पूर्ण उघडतो, पण टाकी भरायला वेळ लागतो. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स म्हणजे टँकर. टाकी लगेच भरते, पण नळ तसाच बंद राहिला तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रिकामी. म्हणून टँकर मागवला तरी नळ उघडावाच लागतो.

प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळं काढतात. ज्या चार प्रथिनांना वॉरफरिन अडवतं तीच त्यात घट्ट करून, पूड करून भरलेली असतात. पाण्यात विरघळवून ते काही मिनिटांत शिरेतून देता येतं. त्याची मात्रा आकडा आणि वजन यांवरून ठरते. आकडा 2 ते 4 असेल तर दर किलोला 25 युनिट, 4 ते 6 असेल तर 35, आणि 6 च्या पुढे 50. आपल्या बाईंचं वजन 50 किलो आणि आकडा 7.4, म्हणजे 2500 युनिट. 500 युनिटच्या कुप्या असतील तर पाच. सोबत 10 मिलिग्रॅम के जीवनसत्त्व शिरेतून, सावकाश. औषध संपल्यावर अर्ध्या तासाने आयएनआर पुन्हा तपासतात. तो दीडच्या खाली आला पाहिजे. सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात, कारण बाहेरून दिलेल्या प्रथिनांपैकी सर्वांत अल्पायुषी प्रथिन सहा तासांतच निम्मं होतं. सोबत के जीवनसत्त्व दिलं नसेल तर बारा ते चोवीस तासांत आकडा पुन्हा वर चढलेला दिसतो.

मघाशी 10 मिलिग्रॅम झडपेसाठी वाईट म्हटलं आणि इथे तेच देतात, हे परस्परविरोधी वाटेल. पण मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाला पुढचा आठवडाभर तरी वॉरफरिन द्यायचंच नसतं. त्यामुळे ते लागू न पडण्याची अडचण तेव्हा फारशी आड येत नाही. आणि तेवढे दिवस धातूची झडप बिनसंरक्षणाची राहण्याचा धोका मेंदूतल्या रक्तस्रावापुढे लहान ठरतो. गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे मेंदूचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात.

हे औषध मिळालं नाही तर? तालुक्याच्या बऱ्याच रुग्णालयांत ते नसतं, आणि ते महागही आहे. तेव्हा रक्तपेढीतून गोठवलेला प्लाझ्मा मागवतात. दर किलोला 15 मिलिलिटर धरलं तर आपल्या बाईंना 750 मिलिलिटर, म्हणजे तीन-चार पिशव्या. त्याची अडचण तिहेरी आहे. रक्तगट जुळवावा लागतो, पिशव्या वितळवायला अर्धा तास जातो, आणि एवढा द्रव एकदम शिरेत गेला तर आधीच कमजोर असलेल्या हृदयावर भार पडून फुप्फुसांत पाणी साचतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत औषध देऊन अर्ध्या तासाने आकडा 1.3 पर्यंत उतरलेले रुग्ण प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्सच्या गटात शेकडा 62 होते, प्लाझ्माच्या गटात शेकडा दहासुद्धा नव्हते. तरीही काहीच हाताशी नसेल तर प्लाझ्मा आणि के जीवनसत्त्व सुरू करून रुग्णाला पुढे पाठवणं, नुसतं पुढे पाठवण्यापेक्षा बरं.

मग आकडा वाढलेल्या प्रत्येकाला हा टँकर का मागवत नाहीत? कारण तो गुठळ्याही करू शकतो. पायाच्या शिरेत, फुप्फुसात, हृदयात किंवा झडपेवर. रक्तस्राव नसताना, फक्त रिपोर्टवरचा आकडा सुधारायला तो कधीच द्यायचा नाही. काही बनावटींत थोडं हेपरिन असतं, म्हणून हेपरिनमुळे पूर्वी प्लेटलेट घटल्या असतील तर ते आधीच सांगावं लागतं.

याच नियमाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. आकडा 2.8, म्हणजे अगदी हवा तसा आहे, पण मेंदूत रक्तस्राव झाला, किंवा जठरातून इतकं रक्त गेलं की रक्तदाब कोसळला, तर तिथेही हेच औषध लागतं. ‘आयएनआर तर बरोबर आहे’ म्हणून कुणी थांबलं तर रुग्ण गमावतो.

हे औषध अजून का चालू आहे

नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या आल्या असताना वॉरफरिनची ही कटकट कशाला, असं कुणी विचारेल. धातूच्या झडपेवर त्यांतल्या डॅबिगाट्रॅन या गोळीची चाचणी घेतली, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले आणि चाचणी थांबवावी लागली. ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. संधिवाताच्या तापाने झडप बिघडून ठोके अनियमित झालेल्या रुग्णांवरची मोठी चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतातले रुग्णही होते, आणि तिथेही जुनंच औषध सरस ठरलं. हा आजार आपल्याकडे आजही कमी नाही, म्हणून आयएनआरचा आकडाही आपल्या घरांत राहणार आहे. मात्र नवी गोळी घेणाऱ्यांसाठी हा लेख लागू नाही. त्यांच्या औषधाचा परिणाम आयएनआर नीट मोजत नाही आणि के जीवनसत्त्वाने तो उतरतही नाही.

वॉरफरिनवर उतारा आहे, हे वैद्यकाला फार लवकर कळलं. 1948 पासून अमेरिकेत ते उंदीर मारायला विकलं जात होतं. 1951 मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने जीव देण्यासाठी ते खाल्लं, आणि के जीवनसत्त्व देऊन तो वाचला. ज्या विषावर खात्रीचा उतारा आहे ते मापात वापरलं तर औषध होऊ शकतं, हा विश्वास अशा अनुभवांतून आला. 1954 मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं.

घरी काय करायचं

हे औषध घेणाऱ्याने पाकिटात एक कागद ठेवावा. त्यावर औषधाचं नाव, रोजची मात्रा, ते कशासाठी चालू आहे आणि आकडा किती ते किती हवा, एवढं लिहावं. कोणताही डॉक्टर, दातांचा असो की गावातला, नवी गोळी लिहू लागला की आधी हा कागद पुढे करावा. जंतुनाशक सुरू करावंच लागलं, तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासून घ्यावा. आपल्या बाईंनी एवढं केलं असतं तर 7.4 दिसण्याआधीच 4 दिसला असता. पालक, मेथी, कोथिंबीर खाणं सोडायची गरज नाही. दर आठवड्याला साधारण सारखी खावी, म्हणजे मात्रा तिच्याशी जुळून राहते.

आकडा वाढून आला तर स्वतःच्या मनाने के जीवनसत्त्व घेऊ नये, आणि स्वतःच्या मनाने गोळी आठवडाभर बंदही ठेवू नये. त्या रात्रीची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करावा. पण काळं, डांबरासारखं शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, दाबूनही न थांबणारं रक्त, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, किंवा डोक्याला मार, मग तो किरकोळ वाटला तरी, यांपैकी एक जरी झालं तर फोन करत बसू नका. आकडा कितीही असो, सीटी स्कॅन आणि रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात तडक जा, आणि दारातच सांगा: ‘हे वॉरफरिन घेतात.’